तीनशेच ना?

गंगापूर रोडवर आकाशवाणी टॉवरजवळ राहणाऱ्या एका निवृत्त बँक कॅशियरचं ऋण माझ्यावर आहे. आमच्या बिल्डिंगीत ते सगळ्यांचेच काका. पावसाळ्यात पुण्याच्या रेसेस सुरू झाल्या की रविवारी पहाटे आम्ही दोघं निघायचो.

एका मोसमात माझा जॅकपॉट लागला. सलग पाच रेसमधले पाचही विजेते बरोबर आले. तिकिटाचे 1,20,000 झाले. 30 टक्के कर जागेवरच कापला गेला आणि हातात 84,000 आले. पुढच्या रेसचे घोडे पॅडॉकमध्ये फिरत होते. काकांनी माझ्या हातून रेसबुक काढून घेतलं. "आज आता चहा फक्त."

सोमवारी हिशेबाला बसलो. मोसमासाठी वेगळ्या ठेवलेल्या 10,000 च्या गल्ल्यात 6,000 उरले होते आणि मी एका रेसला 200 लावत असे, म्हणजे मूळ गल्ल्याचे 2 टक्के. काकांनी नवा गल्ला 15,000 चा ठरवला. त्यासाठी 9,000 आत गेले आणि 75,000 ची त्याच दिवशी मुदत ठेव झाली. नवा डाव 300 चा. मी 2,000 म्हणत होतो.

त्यांनी वहीच्या मागच्या पानावर मांडून दाखवलं. पाचातून एकदा जिंकणाऱ्या पंटरला ओळीनं दहा डाव हरण्याची वेळ साधारण नवातून एकदा येते. तीनशेनं हरलास तर 3,000 जातील, दोन हजारांनी हरलास तर 20,000. शिवाय टोटवर सगळ्यांचे पैसे एकाच पूलमध्ये जमतात. पूल लहान असेल तर तुझ्याच मोठ्या रकमेनं तुझ्या घोड्याचा भाव खाली येतो. आणि कराची गोष्ट तर फारच थोड्यांना ठाऊक असते: जिंकलेल्या रकमेवर कर भरावाच लागतो, पण नंतर हरलेले पैसे त्यातून वजा करता येत नाहीत. म्हणून जिंकलेले पैसे परत मैदानात नेले, तर कर भरलेले पैसेच हरायचे.

डाव वाढवायचा तो महिनाअखेरीला गल्ला मोजून, जिंकल्या दिवशी नाही. गल्ला घटला तर डावही घटवायचा. (हे दुसरं वाक्य पाळायला फार जड जातं.)

या हिशेबानं घोडे जास्त जिंकतात, असा दावा काकांनी कधीच केला नाही. टोट आपला वाटा आणि कर आधी कापतो, बाकीचं वाटतो, त्यामुळे गल्ला बहुधा झिजतोच. माझाही मोसमाअखेर 11,400 वर आला. ठेव मोडली ती आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी. पेढे घेऊन वर गेलो तेव्हा काकांनी आधी आईची चौकशी केली, मग चष्मा पुसत विचारलं, "पुढच्या मोसमाला तीनशेच ना?"

"नाही काका," मी म्हटलं, "गल्ला घटलाय. सव्वादोनशे."