‘समोर’ म्हणजे कुठे?

उरणच्या घरी आम्ही दोघे भाऊ रात्री बीजीएमआय खेळतो, तेव्हा चौघांच्या स्क्वाडमधले उरलेले दोघे अनोळखी असतात. पूर्वी आम्ही ‘समोर शत्रू!’ असं ओरडायचो. पण प्रत्येकाचं ‘समोर’ वेगळं. मग पडद्यावरच्या होकायंत्राचा आकडा सांगू लागलो: ‘240, झाडामागे.’ एकदा दूर उभा असलेला साथीदार त्याच्या 240कडे वळला आणि पाठीत गोळी लागून बाद झाला. चूक आमचीच, तो आकडा आमच्या जागेवरून घेतलेला होता. आता त्या झाडावरच खूण टाकतो. सगळ्यांना तीच जागा दिसते, आपापल्यापासूनच्या अंतरासकट. शत्रू सरकला तरी खूण मात्र तिथेच राहते, म्हणून लगेच नवी टाकतो. दादीची झोपही मोडत नाही.