पहिल्या मजल्याची रजिस्ट्री

जामबागेतलं भाड्याचं घर सोडून उप्पलकडे फ्लॅट घ्यायचं ठरलं, तेव्हा बिल्डरने आधीच्या इमारतींचे फोटो पुढे केले. बाबांनी पत्ते मागितले. रेराच्या साइटवरही बिल्डरला गेल्या पाच वर्षांतली कामं द्यावी लागतात, ती मी उतरवून घेतली. 2017 च्या आधी मंजूर झालेली कामं तेलंगणात रेराखाली आलीच नाहीत. ती प्रत्यक्ष जाऊनच तपासायची.

त्यातली एक पाच मजली इमारत पाहायला गेलो. लिफ्ट चालू, रंग ताजा, गच्चीवर टाक्या भरलेल्या. लोक राहायला येऊन काही वर्षं झाली होती. सोसायटीचे सेक्रेटरी तेलुगू गृहस्थ, भला माणूस. गळती किंवा भेगा कुणीही विचारतं. बाबांनी विचारलं, “पहिल्या मजल्यावरच्या सगळ्यांची रजिस्ट्री झाली का?”

सेक्रेटरी थबकले. दोन फ्लॅटची झाली नव्हती. माणसं राहत होती, हाती फक्त करारपत्र.

या प्रश्नामागे हैदराबादचा नियम आहे. 2012 च्या बांधकाम नियमांनुसार अशा इमारतीला परवानगी देताना महापालिका दहा टक्के बांधकाम स्वतःकडे तारण म्हणून अडकवून ठेवते, तेही तळमजला, पहिला किंवा दुसरा मजला यांतलं. नोंदणी खात्यात तशी नोंद होते, त्यामुळे त्या फ्लॅटची विक्री नोंदवता येत नाही. मंजूर नकाशाप्रमाणे काम झाल्याचं पाहून ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र दिलं की मगच ते सुटतात. खालचे फ्लॅट अजून अडकलेले असतील, तर बहुधा ओसी मिळालेलीच नाही.

सेक्रेटरींनी आपणहून पाण्याचं बिल आणून दाखवलं. दर तिप्पट लागत होता. ओसी नसेल तर पाण्याला आणि विजेला तिप्पट दर लावायची मुभा त्याच नियमांत आहे. तो भुर्दंड महिन्यामागून महिना राहणारेच भरतात.

बिल्डरकडे परत गेलो आणि त्या इमारतीची ओसी मागितली. त्याने एक कागद ठेवला, वर शिक्का, खाली आर्किटेक्टची सही. ती काम पूर्ण झाल्याची सूचना होती. ही बिल्डरच महापालिकेला देतो. ओसी महापालिका देते. दोन्ही कागद दिसायला सारखे, म्हणून देणारा कोण ते आधी वाचावं. “ओसी येतेच आहे,” तो म्हणाला. बाबांनी त्या दोन फ्लॅटची ईसी, म्हणजे बोजा प्रमाणपत्र काढलं. महापालिकेचं तारण तसंच उभं होतं, सोडवल्याची नोंद नव्हती.

नकाशाबाहेरचं बांधकाम होतं की नुसता फाइलचा उशीर, हे आम्हाला त्यावरून कळलं नाही. थोडाफार फरक असेल तर दंड भरून तो नियमित होतो, हेही खरं. पण लोक इतकी वर्षं राहत असताना ज्याने ओसीचं काम पुरं केलं नाही, त्याच्याकडे बुकिंगची रक्कम ठेवायला बाबा तयार झाले नाहीत. नंतर ज्याच्याकडे घर घेतलं, त्याच्या जुन्या इमारतीची ओसी आणि तारण सोडल्याचा दस्त, दोन्हींच्या प्रती त्याने मागताच दिल्या. तरी बाबांनी त्या इमारतीत जाऊन पहिल्या मजल्यावरची एक बेल वाजवलीच.