बरणीवरचा तक्ता टंकून पाठवताना

घरातील ज्येष्ठांना मधुमेह असेल, तर आहारतज्ज्ञांना आपण कधी ना कधी विचारतोच, ‘ही पावडर दुधातून दिली तर चालेल का? एका पेल्यात साखर किती जाते?’ पूर्वी त्यासाठी बरणीच पिशवीत घालून दवाखान्यात न्यावी लागे. आता प्रश्न मोबाइलवरून विचारता येतो. मात्र गोल बरणी, चकाकणारा कागद आणि मोहरीएवढी अक्षरे यांमुळे छायाचित्र वाचता येत नाही, आणि उत्तर येते, ‘तक्ता टंकून पाठवा.’ हे काम कारकुनी वाटते खरे; परंतु साखरेचे उत्तर बरोबर येणार की दुप्पट चुकणार, हे पुष्कळदा या टंकण्यावरच ठरते.

याचे कारण तक्त्याच्या रचनेत आहे. आपल्याकडील बहुतेक वेष्टनांवर दोन रकाने शेजारी शेजारी असतात. पहिल्यात १०० ग्रॅम पदार्थात काय आहे, ते ग्रॅममध्ये दिलेले असते. दुसऱ्यात एका सर्व्हिंगमधून, म्हणजे एका वेळच्या मापातून, दिवसाच्या मर्यादेपैकी किती टक्के भाग येतो, ते दिलेले असते. दोन्ही आकडे एकाच ओळीत असले तरी ते वेगवेगळ्या वजनाविषयी बोलतात आणि त्यांची एककेही वेगळी असतात. रकान्यांचे मथळे गाळून आपण नुसते आकडे पाठवले, तर वाचणाऱ्याला हा भेद कळण्याचा मार्गच उरत नाही.

माझ्या आईचे उदाहरण सांगते. तिचे वय ८२. दात नाहीत, जेवण चिमणीएवढे. त्यामुळे दुपारी चार वाजता आणि रात्री नऊ वाजता माल्टची पावडर घातलेले दूध हाच तिचा मोठा आधार. रात्रीच्या साखरेच्या नोंदी चढू लागल्या आणि डॉक्टर गोळीची मात्रा वाढवण्याचा विचार करू लागले. त्यापूर्वी आहारतज्ज्ञांनी त्या पेल्याचा हिशेब मागितला. मी पाठवलेला मजकूर असा होता:

```
पावडर. एक सर्व्हिंग = २५ ग्रॅम. बरणी ५०० ग्रॅम, सर्व्हिंग्ज २०.
१०० ग्रॅम कोरड्या पावडरीत:
ऊर्जा ३८० किलोकॅलरी
प्रथिने १० ग्रॅम
कार्बोहायड्रेट ८० ग्रॅम
  त्यांपैकी टोटल शुगर्स ३६ ग्रॅम
    त्यांपैकी अ‍ॅडेड शुगर्स २८ ग्रॅम
फॅट २ ग्रॅम
एका सर्व्हिंगमधील अ‍ॅडेड शुगर्स: दिवसाच्या मर्यादेच्या १४ टक्के
```

यातील ‘त्यांपैकी’ हा शब्द मोलाचा आहे. अ‍ॅडेड शुगर्स म्हणजे वरून घातलेली साखर. ती टोटल शुगर्समध्येच मोजलेली असते, आणि टोटल शुगर्स कार्बोहायड्रेटमध्ये. म्हणून ३६ आणि २८ यांची बेरीज करायची नाही. वेष्टनावर खालची ओळ किंचित आत सरकवून हेच सुचवलेले असते. टंकताना ते सरकवणे निघून जाते, आणि दोन्ही ओळींना आपण नुसते ‘साखर’ म्हटले तर घोटाळा पक्का होतो.

आता हिशेब. १०० ग्रॅममध्ये ३६, तर २५ ग्रॅममध्ये त्याचा चौथा हिस्सा, म्हणजे ९ ग्रॅम एकूण साखर. त्यांपैकी वरून घातलेली ७ ग्रॅम. शेजारचा १४ हा आकडा कोणी ग्रॅम समजला असता, तर वरची साखर नेमकी दुप्पट धरली गेली असती.

मजकूर पाठवण्यापूर्वी तो तपासण्याच्या दोन युक्ती आहेत. पहिली टक्क्यांची. भारतीय वेष्टनावर अ‍ॅडेड शुगर्सचे टक्के दिवसाला ५० ग्रॅम ही मर्यादा धरून काढतात. म्हणून या ओळीतील टक्क्यांचा आकडा निम्मा केला की एका सर्व्हिंगमधले ग्रॅम मिळतात. १४ चे निम्मे ७. आपल्या हिशेबाशी जुळले. ही युक्ती केवळ अ‍ॅडेड शुगर्सपुरती आहे, इतर ओळींना ती लागू नाही. दुसरी युक्ती ऊर्जेची. प्रथिने आणि कार्बोहायड्रेट यांना प्रत्येक ग्रॅममागे ४, आणि फॅटला ९ किलोकॅलरी धराव्यात. येथे ४० अधिक ३२० अधिक १८, म्हणजे ३७८. वेष्टनावर ३८० आहे. एवढा फरक चालतो. मात्र ८० ऐवजी ८ टंकले गेले असते, तर बेरीज ९० पर्यंत घसरली असती आणि चूक लगेच उघडी पडली असती. दशांशचिन्ह गळाले तरी बहुधा येथेच कळते.

आकडे जुळले, तरी पेल्याचा हिशेब पुरा झालेला नसतो. वेष्टनावरचे माप कंपनीचे असते, चमचा मात्र आपल्या घरचा. आई पावडरीचे तीन शीगोशीग चमचे घेई. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ते ३६ ग्रॅम भरले. म्हणजे टोटल शुगर्स ९ नव्हे, सुमारे १३ ग्रॅम, आणि त्यांत वरून घातलेली १० ग्रॅम. त्यावर दुधात घरची एक चमचा साखर पडे, ती ५ ग्रॅम. अशा रीतीने दोन पेल्यांतून दिवसाला ३० ग्रॅम साखर वरची जात होती. म्हणूनच वेष्टनावरच्या तक्त्याखाली ‘आम्ही प्रत्यक्षात इतके ग्रॅम घेतो, शिवाय घरची साखर इतकी’ अशी एक ओळ अवश्य जोडावी.

काही वेष्टनांवर ‘दुधात तयार केल्यावर’ असा आणखी एक रकाना असतो. त्यात दुधाची स्वतःची साखरही धरलेली असते. तो रकाना टंकला असेल तर तसे स्पष्ट लिहावे. नाहीतर दुधाची साखर दोनदा मोजली जाते.

एक मर्यादाही ध्यानात असावी. रक्तातील साखर केवळ ‘शुगर्स’ या ओळीने वाढत नाही. माल्टोडेक्स्ट्रिन किंवा स्टार्च हे कार्बोहायड्रेटमध्ये मोजले जातात, शुगर्समध्ये नव्हे. रक्तातील साखर मात्र तेही वाढवतात. आईच्या ३६ ग्रॅम पावडरीत कार्बोहायड्रेट जवळजवळ २९ ग्रॅम होते. म्हणून ‘साखर घातलेली नाही’ असे ठळक लिहिलेल्या डब्याचीही कार्बोहायड्रेटची ओळ वगळू नये. घटकपदार्थांच्या यादीतली पहिली चार नावेही टंकावीत, कारण ती यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते.

हा हिशेब पाहून डॉक्टरांनी गोळी वाढवली नाही. पावडर मोजून २५ ग्रॅम, घरची साखर बंद, आणि तीन आठवडे नोंदी, असे ठरले. नोंदी खाली आल्या आणि आईचा रात्रीचा पेलाही टिकला. परंतु असा बदल डॉक्टरांना कळवल्याखेरीज करू नये. गोळी तीच ठेवून पेल्यातली साखर एकदम कमी केली, तर काही औषधांमुळे रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. घाम, थरथर, गोंधळलेपणा ही त्याची लक्षणे.

शेवटी एक सोय सुचवते. एकदा टंकलेला तक्ता जपून ठेवावा, मोठ्या अक्षरांत छापून बरणीवर चिकटवावा आणि त्यावर तारीख घालावी. नवी बरणी आली की तीन आकडे ताडून पाहावेत: सर्व्हिंगचे वजन, टोटल शुगर्स आणि अ‍ॅडेड शुगर्स. त्यांतला एक जरी बदलला असेल, तरी पुन्हा सगळा तक्ता टंकावा.