नाव ठेवणे आणि नावे ठेवणे

‘नाव ठेवणे’ आणि ‘नावे ठेवणे’ यांत मराठीने एका मात्रेचेच अंतर ठेवले आहे. मोताळ्यात शिकवताना ते अंतर आम्ही वर्गात मोजत आलो. एका हडकुळ्या मुलाला सारे ‘काड्या’ म्हणत. तोही उलट ‘ढोल्या’ म्हणून परतफेड करी आणि मधल्या सुट्टीत त्याच मित्राच्या डब्यातले खाई. ती थट्टा होती. बोलताना अडखळणाऱ्या दुसऱ्याला ‘अडक्या’ हे नाव पडले, तेव्हा परतफेडीची सोय त्याच्याजवळ नव्हती. नाव ऐकून तोही हसे. पण हजेरीला ‘उपस्थित’ म्हणण्याऐवजी नुसता हात वर करू लागला.

म्हणजे हसणे हा संमतीचा पुरावा नव्हे. चारचौघांत विचारले तर असे मूल ‘मला चालते’ असेच सांगते. म्हणून आम्ही त्याला एकट्याला विचारले, “तू नको म्हणालास तर ती थांबतील का?” त्याने मान हलवली. महाराष्ट्राच्या १९९९ च्या रॅगिंगविरोधी कायद्याच्या व्याख्येतही चिडवणे येते, आणि तिथे विद्यार्थ्याला वाटणारी भीती व लाज पाहिली जाते. करणाऱ्याची गंमत नव्हे. जे नाव नाकारता येत नाही, ते टोपणनाव उरत नाही.