अर्जातली विशेषणे

परवा रात्री पेणकरपाड्यातल्या आमच्या दोन खोल्यांत एक छोटेसे युद्ध झाले. मुलगी यंदा बी. कॉम. झाली. भाईंदरच्या एका स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात अकाउंट्स असिस्टंट हवा, ही जाहिरात तिने मोबाईलवर पाहिली आणि आपला पहिला रेझ्युमे माझ्यापुढे ठेवला.

"बाबा, स्पेलिंगं तेवढी बघा."

स्पेलिंगे बिनचूक होती. त्यातली मुलगी मात्र मला ओळखू येईना. मेहनती, प्रामाणिक, जिद्दी, मनमिळाऊ! जन्मभर वर्गात विशेषणे शिकवली, पण एवढी गर्दी मी लग्नपत्रिकेतही पाहिली नव्हती.

मी तिला जाहिरात वहीत उतरवायला लावली आणि त्यातल्या कामांखाली रेघा मारल्या. चार कामे निघाली: टॅली, एक्सेल, बँकेचा ताळमेळ आणि जी.एस.टी. म्हटले, "प्रत्येकापुढे तू काय केलं आहेस ते लिही."

टॅलीपुढे तिने क्लासचा कोर्स लिहिला आणि थांबली. "अनुभव कुठाय मला?"

"आणि सोसायटीचे हिशेब कोण लिहितं?" स्वयंपाकघरातून हिची हाक आली.

खरेच की! दोन वर्षे ४८ बिऱ्हाडांच्या मेंटेनन्सचा हिशेब हीच एक्सेलमध्ये ठेवते आणि दरमहा तो बँकेच्या पासबुकाशी ताडून पाहते. एकदा मार्चअखेर आमच्या वहीत बँकेपेक्षा १,८०० रुपये जास्त दिसत होते. दोन संध्याकाळी खपून तिने शोधले, की ३० मार्चला भरलेला एक चेक बँकेत एप्रिलमध्ये जमा झाला होता. जाहिरातीतला 'बँकेचा ताळमेळ' तो हाच. पण घरचे काम म्हणून तिने तो धरलाच नव्हता. तेच आता आम्ही आकड्यांसकट सर्वांत वर घेतले आणि पदवी खाली नेली. छंद, जन्मगाव आणि यच्चयावत विशेषणे गेली. दोन पानांचे एक झाले.

राहिले जी.एस.टी. तिथे माझे मन ढळले. "लिही, रिटर्न भरली आहेत म्हणून. कोण बघतंय?"

ती माझ्याकडे बघत राहिली. "बाबा, पोर्टल उघडून समोर बसवलं तर? क्लासमध्ये नुसती नमुन्याची बिलं नोंदवलीत मी."

दरवर्षी कॉपी करणाऱ्यांचे पेपर जप्त करणारा मी गप्प बसलो. तिने लिहिले: 'जी.एस.टी. – क्लासमध्ये नमुना बिलांवर सराव.'

मुलाखत झाली. तिथे त्या १,८०० रुपयांचीच चौकशी अधिक झाली म्हणे. निकाल अजून यायचा आहे. रेझ्युमेची एक प्रत माझ्या टेबलावर पडून आहे. 'प्रामाणिक' हा शब्द मीच माझ्या हाताने खोडला होता, पण जी.एस.टी.च्या त्या ओळीपाशी आलो, की तो मला अजून वाचता येतो.