‘यत्’ आणि ‘तत्’ यांचा शोध : एका श्लोकाचा हिशेब



संस्कृत श्लोक वाचताना शब्दकोशात सर्व अर्थ सापडतात आणि तरीही वाक्य हाती लागत नाही, असा अनुभव आपल्याला आला असेल. माझ्या बाबतीत असा पहिला पराभव कालिदासाच्या ‘अभिज्ञानशाकुन्तल’ या नाटकाच्या नांदीने केला. तो श्लोक आपल्या पुस्तकात उघडून समोर ठेवावा आणि मगच हे टिपण वाचावे, अशी विनंती आहे.

या नांदीत शिवाच्या आठ प्रत्यक्ष मूर्तींचे स्मरण आहे. स्रग्धरा वृत्ताचे चार चरण आहेत. पहिल्या तीन चरणांत एकामागून एक संबंधी सर्वनामे येतात आणि त्या सर्वांना उत्तर देणारे ‘ताभिः’ हे पद थेट चौथ्या चरणात भेटते. त्याच्या शेजारीच ‘आठ’ ही संख्याही सांगितली आहे. मी सर्वनामांखाली पेन्सिलीने रेघा ओढल्या आणि मोजल्या. पहिल्या चरणात ‘या’ तीन वेळा, दुसऱ्यात ‘ये’ आणि ‘या’, तिसऱ्यात ‘याम्’ आणि ‘यया’. बेरीज सात झाली. आठवी मूर्ती कोठे गेली? मी स्वतःची समजूत घातली की सात मूर्ती दृश्य आहेत आणि आठवा स्वतः ईश्वर अध्याहृत आहे. एवढ्यावर न थांबता मी तसे उत्तर मोठ्या आत्मविश्वासाने लिहूनही दिले. ‘ये’ या रूपाचा अर्थ मी ‘जे लोक’ असा केला होता. हे लोक कोण, हा प्रश्न मला पडलाच नाही.

आमच्या शिक्षकांनी उत्तरावर खूण केली नाही. त्यांनी एवढेच विचारले, “बाई, ‘ये’चे क्रियापद कोणत्या वचनात आहे, ते पाहिलेत का?” मी पाहिले. ते द्विवचनी होते आणि ‘ये’च्या लगेच पुढे ‘द्वे’ हे पदही उभे होते. ‘ये’ हे रूप पुंलिंगी प्रथमा बहुवचनाचे आहे, तसेच स्त्रीलिंगी आणि नपुंसकलिंगी द्विवचनाचेही आहे. मला पाठ असलेले पहिले रूप मी श्लोकावर लादले होते. काळाची व्यवस्था करणाऱ्या ‘ज्या दोन’ मूर्ती म्हणजे सूर्य आणि चंद्र. सहा एकवचनी सर्वनामांच्या सहा मूर्ती आणि एका द्विवचनी सर्वनामाच्या दोन, असा आठांचा हिशेब तंतोतंत जुळला. कवीने दिलेली संख्या हीच वाचकाच्या हातातील ताळ्याची कसोटी होती आणि मी मात्र ताळा चुकल्यावर कवीलाच दुरुस्त करायला निघाले होते.

या एका चुकीतून जो नियम मला खऱ्या अर्थाने कळला, तो असा. संबंधी सर्वनामाचे लिंग आणि वचन ते ज्या नामाबद्दल बोलते त्या नामावरून ठरते; त्याची विभक्ती मात्र त्याच्या स्वतःच्या वाक्यातील कार्यावरून ठरते. नांदीत हे नाम आहे ‘तनु’, म्हणजे मूर्ती किंवा शरीर, आणि ते स्त्रीलिंगी आहे. म्हणून सूर्य, चंद्र, अग्नी आणि वायू हे शब्द पुंलिंगी असूनही त्यांच्यासाठी स्त्रीलिंगी सर्वनामे आली. विभक्ती पाहा. जल, अग्नी, यजमान आणि आकाश या मूर्ती आपापल्या वाक्यांत कर्ता आहेत. म्हणून ‘या’ ही प्रथमा. पृथ्वीला सर्व बीजांचे मूळ ‘म्हणतात’, तेथे ती कर्म आहे. म्हणून ‘याम्’ ही द्वितीया. वायूमुळे प्राणी प्राणवंत होतात, तेथे तो साधन आहे; म्हणून ‘यया’ ही तृतीया. शेवटी ‘ताभिः’ तृतीयेत आहे, कारण ईश्वर या मूर्तींनी युक्त आहे. ‘यत्’ आणि ‘तत्’ यांच्या विभक्ती सारख्या असाव्यात अशी अपेक्षा धरली, तर ‘ताभिः’ची जोडी एकट्या ‘यया’शीच लागेल आणि उरलेल्या मूर्ती निराधार होतील.

आपली मराठी येथे मदतीला येते. ‘ज्याच्या घरी मी उतरलो, तो माणूस आज भेटला’ या वाक्यात ‘ज्याच्या’ षष्ठीत आहे आणि ‘तो’ प्रथमेत, तरी आपण क्षणभरही अडखळत नाही. अडचण येते ती मराठीत नसलेल्या द्विवचनापाशी आणि संधीपाशी. स्त्रीलिंगी बहुवचन ‘याः’ याचा विसर्ग मृदू व्यंजनापूर्वी लोपतो आणि ‘या’ एवढेच उरते. पहिल्या चरणातील अग्नीच्या वाक्यात ‘या’नंतर हकार आहे. केवळ रूप पाहिले तर तेथे बहुवचनाची शंका घेता येते. ‘वहति’ हे एकवचनी क्रियापद ती शंका फेडते. म्हणून क्रम असा ठेवावा : प्रत्येक ‘यत्’साठी आधी त्याचे क्रियापद शोधावे, मग वचन ठरवावे आणि मगच ‘तत्’कडे जावे.

आता उलट प्रकार पाहू. ‘कुमारसंभवा’च्या पहिल्या श्लोकात हिमालयाचे नाव येते. दुसऱ्यापासून सतराव्यापर्यंत श्लोकामागून श्लोक त्याच्याकडे निर्देश करणारे ‘यम्’, ‘यस्य’, ‘यः’, ‘यत्र’ येत राहतात. पण प्रत्येकासाठी वेगळा ‘तत्’ दिलेला नाही. अठराव्या श्लोकाच्या आरंभी ‘सः’ येतो आणि कथा पुढे सरकते. येथे ‘तत्’ नाही म्हणून वाक्य अपुरे राहिले का? मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’च्या सातव्या उल्लासात दोषांची चर्चा करताना हा भेद सांगितला आहे. ‘यत्’ नंतरच्या वाक्यात आला, तर आधीच्या वाक्यात ‘तत्’ प्रत्यक्ष असण्याची गरज नसते, तो अर्थानेच कळतो. ‘यत्’ आधी आला, तर मात्र पुढे ‘तत्’ लागतो. नांदीत मूर्तींची वर्णने आधी येतात, म्हणून ‘ताभिः’वाचून वाक्य पुरे होत नाही. हिमालयाचे नाव आधीच घेतलेले आहे, म्हणून तेथे वाचकाला मागे वळावे लागते.

याच वर्णनात पंधराव्या श्लोकात ‘यद्वायुः’ असे पद आहे. घाईने वाचणारा ‘यत्’ सुटे काढून त्याला नपुंसकलिंगी सर्वनाम समजेल आणि नपुंसकलिंगी नाम शोधत बसेल. हा समास आहे. ‘ज्याचा वायू’, म्हणजे ज्या हिमालयाचा वारा. समासात सर्वनामाची विभक्ती, लिंग आणि वचन ही तिन्ही झाकली जातात. तेथे रूप साक्ष देत नाही, संदर्भच देतो.

नांदीखालच्या त्या रेघा माझ्या जुन्या प्रतीत अजून आहेत. ‘ये’खाली नंतर मी दुसरी रेघ ओढली. आपणही ‘कुमारसंभवा’तील ते सोळा श्लोक घ्यावेत, प्रत्येक ‘यत्’ची विभक्ती समासात लिहून काढावी आणि तिचे कारण त्या वाक्याच्या क्रियापदाला विचारावे.