होकार मागे घेताना

बंगळूरच्या एका कंपनीची ऑफर मी लेखी स्वीकारली होती. पुण्यातल्या नोकरीचा राजीनामा दिला होता आणि नव्वद दिवसांच्या नोटीस पिरियडमधला निम्मा काळ सरला होता. तेवढ्यात सोलापूरला बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणं जवळपास गेलं. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, की पहिले काही महिने सर्वांत महत्त्वाचे आहेत, फिजिओथेरपी आणि स्पीच थेरपी चुकवू नका. बोलणं पुन्हा शिकायचं ते मराठीतच. आई-बाबांना पुण्याला आणणं जमणार होतं, बंगळूरला नेणं नाही. माझा निर्णय झाला.

आता प्रश्न होता, हे कुणाला आधी सांगायचं. राजीनामा मागे घेता येईल की नाही, हे माझ्या साहेबांच्या आणि एचआरच्या हातात होतं. त्याचं उत्तर यायला किती दिवस लागतील, कुणास ठाऊक. तोवर बंगळूरची ऑफर हाताशी असू दे, असं जवळच्या माणसांनी सुचवलं. पण इथे जागा मिळो न मिळो, मी तिथे जाणार नव्हतेच. मग वाट बघण्यात जाणारे दिवस माझे नव्हते, रिक्रूटरचे होते.

माझी निवड एका कन्सल्टन्सीमार्फत झाली होती. अशा कन्सल्टन्सीला उमेदवाराच्या वार्षिक पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे साधारण एका महिन्याच्या पगाराएवढी फी बऱ्याचदा मिळते, आणि तीही उमेदवार रुजू झाल्यावरच. मी गेले नाही, तर तिथल्या रिक्रूटर मॅडमची सगळी मेहनत पाण्यात जाणार होती. शिवाय आपल्याकडे दोन-तीन महिन्यांचा नोटीस पिरियड असतो, त्यामुळे माझ्या जागी दुसरा माणूस आज मिळाला तरी रुजू व्हायला तेवढाच वेळ लागणार. मुलाखतीत मागे राहिलेला उमेदवार दुसरीकडे होकार देऊन बसण्याआधी त्याच्यापर्यंत पोहोचणं, एवढाच मार्ग त्यांच्यासमोर उरत होता. तो मार्ग उघडा ठेवणं माझ्या हातात होतं.

फोन करण्याआधी दोन गोष्टी केल्या. ऑफर लेटर पुन्हा वाचलं. जॉइनिंग बोनस रुजू झाल्यावर मिळणार होता आणि घर हलवण्यासाठी आगाऊ पैसे मी घेतलेले नव्हते, म्हणजे परत करण्यासारखं काही नव्हतं. दुसरं, त्यांनी तारीख पुढे ढकलायची तयारी दाखवली तर काय सांगायचं, हे आधीच पक्कं केलं.

फोनवर मी पहिल्याच वाक्यात सांगितलं, "मॅडम, मी जॉइन होऊ शकत नाही. वडिलांना अर्धांगवायू झालाय आणि मला पुण्यातच राहावं लागणार आहे."

क्षणभर त्या काहीच बोलल्या नाहीत. मग विचारलं, "दुसरी ऑफर आली आहे का? खरं सांगा, पगाराचं मी बोलून बघते."

"नाही. पगाराचा प्रश्नच नाही."

"मग दोन महिन्यांनी जॉइनिंग चालेल? क्लायंटला विचारू?"

हा मोह मोठा होता, कारण त्यात दोघींचीही अवघड घडी टळत होती. पण बाबा दोन महिन्यांत चालू लागतील, असं कुणीच सांगू शकत नव्हतं. तारीख घेऊन ती पुन्हा मोडली असती, तर क्लायंटपुढे त्यांचीच मान खाली गेली असती. मी नको म्हटलं. त्या नाराज झाल्या, ते आवाजातून कळलं. ती नाराजी रास्त होती, म्हणून मी सारवासारव केली नाही.

त्याच संध्याकाळी मेल पाठवला आणि कंपनीच्या एचआरलाही त्यात ठेवलं. ऑफर स्वीकारल्याची तारीख, ती आजपासून मागे घेत असल्याचं स्पष्ट वाक्य, घरातल्या आजारपणाचं एका ओळीत कारण आणि आभार, एवढंच लिहिलं. बाबांचे रिपोर्ट जोडले नाहीत. मेलचं काम पुरावा मांडणं नव्हतं. क्लायंटकडे पुढे पाठवून ती जागा लगेच पुन्हा उघडता येईल, असा कागद मॅडमच्या हाती देणं हे होतं. मग त्याच कामातल्या दोन ओळखीच्यांना विचारलं आणि त्यांची तयारी असल्याची खात्री झाल्यावरच त्यांचे बायोडेटा मॅडमना पाठवले.

राजीनाम्याचं मात्र लगेच सुटलं नाही. माझ्या जागी माणूस पक्का झाला नव्हता म्हणून अखेर तो मागे घेऊ दिला, पण त्या वर्षीची पगारवाढ गेली.

त्या बंगळूरच्या कंपनीकडे मी नंतर केलेला अर्ज त्यांनी पुढे नेला नाही. त्यांच्या नोंदीत मी होकार देऊन न आलेली उमेदवार आहे, आणि ते खरंच आहे. मॅडमचा फोन मात्र पुढे पुण्यातल्या एका जागेसाठी आला. "तुम्ही वेळेत सांगितलं होतं," एवढं म्हणून त्या थेट कामाच्या बोलण्याकडे वळल्या.